घनसाळ तांदूळ स्वतःच्या नावाने विकायचा असेल तर: मूळ, प्रत आणि पिशवी

प्रश्न: आमचा आजरा तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा छोटा गट आहे. सगळ्यांचं मिळून पंचवीस एकर घनसाळ असतो. व्यापारी भात घेतो तेव्हा इंद्रायणीपेक्षा थोडाच जास्त दर देतो. पुण्यात मात्र आमच्याच नावाचा तांदूळ दीडशेच्या वर विकला जातो. आम्ही स्वतः पॅकिंग करायचं ठरवलंय. एका डिझायनरने छान पिशवी आणि 'सह्याद्रीच्या कुशीतली' अशी गोष्ट लिहून दिली आहे. एवढ्याने दर मिळेल का? प्रत कशी ठरवायची आणि पिशवी कोणती घ्यायची?

उत्तर: एवढ्याने पहिली पिशवी विकली जाईल. दुसरी विकली जाईल की नाही, ते गिऱ्हाइकाच्या पातेल्यात ठरतं. चार शेजारच्या पिशव्यांपेक्षा तुमच्या तांदळाला तीस-चाळीस रुपये जास्त का द्यायचे, याची घनसाळाच्या बाबतीत दोनच खरी कारणं आहेत. शिजताना येणारा वास, आणि भेसळ नसलेला अखंड आखूड दाणा. मुळाची गोष्ट, प्रत आणि पिशवी ही तिन्ही कामं या दोन गोष्टी टिकवण्यासाठी आणि त्या आहेत हे दाखवण्यासाठी करायची. त्यामुळे डिझायनरकडून परत शेताकडे यावं लागेल, कारण दाणा तुटायला आणि वास उडायला सुरुवात कापणीनंतर पहिल्या आठवड्यातच होते.

आधी वासाचं बघू. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः २-ॲसिटिल-१-पायरोलिन या द्रव्यामुळे येतो. बासमतीत तेच, आंबेमोहरात तेच, घनसाळातही तेच. हे द्रव्य उडून जाणारं आहे. उष्णता लागली की कमी होतं, आणि नुसतं साठवून ठेवलं तरी महिन्यागणिक कमी होत जातं. तूस अंगावर असेपर्यंत दाणा बराच सांभाळला जातो. एकदा भरडून पॉलिश केला की तो उघडा पडतो. यातून पहिला व्यवहारी निर्णय निघतो: सगळा भात डिसेंबरात एकदम भरडू नका. भाताच्या रूपातच साठवा आणि दर तीन-चार आठवड्यांच्या मागणीपुरता भरडा. पिशवीवर 'भरडल्याची तारीख' मोठ्या अक्षरात छापा. पुण्यातल्या शेल्फवरच्या बहुतेक सुवासिक तांदळांवर फक्त पॅकिंगचा महिना असतो आणि आतला माल कधी भरडला ते कळत नाही. ही एक ओळ 'सह्याद्रीच्या कुशीत'पेक्षा जास्त काम करते, कारण ती खरी असल्याचं पिशवी उघडताच नाकाला कळतं.

आता दाण्याकडे. गिरणीत जी कणी पडते, तिचा दोष आपण गिरणीवाल्याला देतो. पण बरेचदा दाणा गिरणीत जायच्या आधीच आतून तडकलेला असतो. भात उभा राहून फार वाळला, किंवा कापून शेतात पसरला आणि दिवसा ऊन, रात्री दव असं चार दिवस चाललं, की दाण्याच्या पोटात आडवी चीर जाते. कोरडा झालेला दाणा पुन्हा ओल पितो, बाहेरचा भाग फुगतो, आतला फुगत नाही, आणि तो फाटतो. बाहेरून काही दिसत नाही. गिरणीच्या दाबाखाली मात्र त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून ओंबीतले ऐंशी-पंच्याऐंशी टक्के दाणे पिवळे झाले की कापणी करा. त्या वेळी ओल साधारण २० ते २२ टक्के असते. मळणी दोन दिवसांत उरका, आणि ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर देऊन वाळवा. दर तासाला हलवा, भर दुपारच्या कडक उन्हात गोळा करून झाका, संध्याकाळी दव पडायच्या आत पुन्हा झाका. दोन-तीन दिवसांत ओल १३ टक्क्यांवर आली पाहिजे. डांबरी रस्त्यावर पातळ थर टाकून एका दिवसात वाळवलेला भात दिसायला छान वाळतो आणि गिरणीत चुरा होतो.

ओलीचं मीटर गटाने विकत घ्यावंच. ते येईपर्यंत अंदाजासाठी घरगुती उपाय आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग भाजून कोरडं केलेलं बारीक मीठ, वर तेवढाच भात, झाकण लावून पाच मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. सुटं राहिलं तर खाली आहे. १५ च्या खाली नेमकी किती, हे यातून कळत नाही.

तड तपासायची तर प्रत्येक शेतकऱ्याच्या ढिगातून पन्नास भात घ्या, नखाने सोला आणि मोबाइलच्या टॉर्चवर धरा. चीर काळ्या रेघेसारखी दिसते. पन्नासात पाचपेक्षा जास्त दाणे चिरलेले निघाले तर तो ढीग वेगळा ठेवा, पहिल्या प्रतीत मिसळू नका. ही दहा मिनिटांची तपासणी सगळ्या खर्चाच्या हिशोबाला कशी भिडते ते पुढे आकड्यांत दाखवतो.

गटात इथेच पहिलं भांडण होतं. ओल २० वरून १३ वर आली की १०० किलोचा भात ९२ किलो उरतो. गट वजनावर पैसे देणार असेल तर नीट वाळवणाऱ्याचं नुकसान आणि ओला आणणाऱ्याचा फायदा. त्यामुळे खरेदी १३ टक्के ओलीवर धरून करा. ओल जास्त असेल तर वरच्या प्रत्येक टक्क्याला साधारण १.१५ टक्के वजन तोडा, हे हंगामाआधी सगळ्यांसमोर लिहून ठेवा.

जातीची शुद्धता हा दुसरा अवघड भाग. तुमच्याकडे इंद्रायणीही होते. तीच मळणीयंत्रं, तीच बारदानं, तीच गिरणी. लोकांचा समज असा की सॉर्टेक्सवर माल घातला की सगळं वेगळं होतं. सॉर्टेक्स रंग बघतं. काळा, लाल, पिवळा दाणा, खडा हे ते उडवतं. पांढरा इंद्रायणी आणि पांढरा घनसाळ त्याला सारखेच. लांबीची चाळणी लांब दाणे बऱ्यापैकी वेगळे काढते, पण त्यात तुमचेही चांगले दाणे जातात. भेसळ खरी निघते ती शेतात, फुलोऱ्यावर. उंचीने वेगळे, आधी किंवा नंतर फुलणारे बुडखे त्या वेळी लांबूनही दिसतात, तेव्हाच उपटायचे. मळणीयंत्र आधी मोकळं चालवून झाडून घ्यायचं. गिरणीत घनसाळ सुरू केल्यावर पहिला पंचवीस-तीस किलो तांदूळ बाजूला काढायचा, कारण यंत्राच्या कोनाकोपऱ्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा माल असतो. तो बाजूचा तांदूळ गटातल्या घरांनी खावा. पिशवीत भरू नये.

गिरणी निवडताना जुना हलर टाळा. हलर एकाच घासात तूस आणि कोंडा दोन्ही काढतो, तांदूळ तापतो आणि तुटतो. रबर रोलवर तूस काढणारं आणि त्यानंतर वेगळं पॉलिश करणारं यंत्र असेल तिथे जा, आणि पॉलिश एका जड घासाऐवजी दोन हलक्या घासांत करून मागा. बाहेर पडणारा तांदूळ हातात धरवत नसेल इतका गरम असेल तर वास तिथेच उडतोय. पॉलिश किती करायचं, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे तसा टिकण्याचाही आहे. कोंड्याचा थर ठेवला की त्यातलं तेल खवट होतं. कमी पॉलिशचा तांदूळ उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वास धरतो, आणि तो वास घनसाळाचा नसतो. सुरुवातीला एकच, मध्यम पॉलिशचा माल काढा. आणि 'हातसडी' हा शब्द मुसळाने सडलेल्या तांदळालाच लावा. कमी पॉलिशला हातसडी म्हणणं ही सरळ फसवणूक आहे, जाणकार गिऱ्हाईक दाणा बघून ओळखतं.

प्रत ठरवताना 'प्रीमियम', 'सुपर', 'गोल्ड' या शब्दांना हात लावू नका. त्यांना काही अर्थ उरलेला नाही. त्यापेक्षा मोजता येतील असे पाच आकडे ठरवा. प्रत्येक लॉटमधल्या दहा वेगवेगळ्या पोत्यांतून मूठमूठ काढून एकत्र करा, त्यातला १०० ग्रॅम काट्यावर घ्या आणि पांढऱ्या-काळ्या अशा दोन ताटांत निवडा. काळ्या ताटात तुकडे आणि पोटपांढरे दाणे दिसतात, पांढऱ्या ताटात लाल, डागी आणि परके. पाऊण दाण्यापेक्षा लहान तो तुकडा, हे आधी ठरलेलं असू द्या. नाहीतर निवडणारा बदलला की प्रत बदलते.

पहिल्या प्रतीसाठी मी सुचवेन त्या मर्यादा अशा: तुकडा ४ टक्क्यांच्या आत, दुसऱ्या जातीचा दाणा २ टक्क्यांच्या आत, लाल आणि डागी मिळून अर्ध्या टक्क्याच्या आत, ओल १३ च्या आत, आणि खडा एक किलोत एकही नाही. तुलनेसाठी सांगायचं तर सरकारी खरेदीच्या कच्च्या तांदळात अनेक वर्षं २५ टक्क्यांपर्यंत तुकडा चालत आला. दुसऱ्या प्रतीत तुकडा १५ टक्क्यांपर्यंत जाऊ द्या, बाकी मर्यादा त्याच ठेवा. शून्य तुकडा हे उद्दिष्ट ठेवू नका. शेवटचे दोन टक्के काढायला जी मजुरी लागते ती गिऱ्हाईक देत नाही.

वासासाठी दर लॉटला दोन तपासण्या करा. साधी म्हणजे ५० ग्रॅम तांदूळ झाकणाच्या पातेल्यात शिजवून तिघांनी वेगवेगळा वास घेणं, आणि शेजारी मागच्या लॉटचा तांदूळ तसाच शिजवणं. शेजारी ठेवल्याशिवाय नाकाला फरक सांगता येत नाही. दुसरी प्रयोगशाळेतली: १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलिलिटर द्रावणात २ ग्रॅम तांदूळ घालून झाकायचं, दहा मिनिटांनी उघडून हुंगायचं. जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा संशोधन केंद्रावर हे करून मिळू शकतं. द्रावण कॉस्टिक आहे, घरी करू नका. आणि कोणी एसेन्स सुचवलं तर दाराबाहेर काढा. वरून लावलेला वास कोरड्या तांदळाला भरपूर येतो, पहिल्या धुण्यात जातो आणि शिजताना काहीच उरत नाही. एकदा असं फसलेलं गिऱ्हाईक घनसाळ या नावालाच कायमचं सोडतं.

कणीबद्दल थोडं थांबू, कारण इथे बहुतेक गट पैसे सोडून देतात. घनसाळाची कणी व्यापाऱ्याला दिली की ती कुठल्याही कणीच्या भावात जाते. पण वास तर तिच्यातही तोच असतो. 'घनसाळ कणी, पेज आणि खिरीसाठी' असं स्वच्छ नाव देऊन, बारीक चुरा चाळून, किलोच्या पिशवीत भरली तर तिला स्वतःचं गिऱ्हाईक आहे. लहान मुलांच्या पेजेसाठी, घावनांसाठी लोक मागून नेतात.

आता आकडे. दर दरवर्षी बदलतात, म्हणून खालचे आकडे नमुन्याचे धरा आणि स्वतःचे घाला. एक क्विंटल वाळलेला भात ४,५०० रुपये. वाहतूक, भरडाई आणि सॉर्टेक्स मिळून ४५० रुपये. एकूण ४,९५०. कोंडा आणि तूस गिरणीवाला ठेवतो असं धरू. एकूण तांदूळ ६४ किलो, त्यात पहिली प्रत ४६, दुसरी ८, कणी १०. दुसरी प्रत ६५ रुपयांनी आणि कणी ४० रुपयांनी गेली तर ९२० रुपये सुटतात. उरलेले ४,०३० रुपये ४६ किलोंवर पडले, म्हणजे पहिल्या प्रतीचा घरपोच खर्च किलोला सुमारे ८८ रुपये. त्यावर पिशवी, लेबल आणि खोका १४, भरण्याची मजुरी ४, फाटलेल्या-परतलेल्या मालासाठी आणि नमुन्यांसाठी ४, पुण्यापर्यंत टेम्पो ६. झाले ११६.

पिशवीवर १७० छापले असं समजा. पॅक करून लेबल लावलेल्या २५ किलोंपर्यंतच्या तांदळावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या तांदळावर नाही. गट नोंदणीकृत असेल तर १७० मधून कर गेल्यावर १६२ उरतात. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती साधारणपणे नसते, पण मोठी दुकानं आणि ऑनलाइन मंच नोंदणी मागतात. दुकानदाराने २० टक्के घेतले की ३२ गेले, हातात १३० आले. ११६ वजा जाता किलोला १४ रुपये.

१४ रुपये म्हणजे काही फार नाही. आता हाच हिशोब घाईने वाळवलेल्या भातावर करा. पहिली प्रत ४६ ऐवजी ३८ किलो निघाली आणि ते ८ किलो कणीत गेले. दुसऱ्या प्रतीचे ५२० आणि कणीचे ७२० मिळून १,२४० सुटले, उरलेले ३,७१० रुपये ३८ किलोंवर पडले. किलोला ९८. म्हणजे १४ मधले १० रुपये ताडपत्रीवर गेले, पिशवी कितीही सुंदर असो. उलट कणी ४० ऐवजी ५५ ने विकली तर चांगल्या भरडाईतही पहिल्या प्रतीच्या किलोमागे आणखी तीन रुपये सुटतात.

घरपोच कुरिअरने दुकानदाराचे ३२ रुपये वाचतील असं वाटतं. एका किलोचं पार्सल पाठवायला बहुतेक वेळा त्याहून जास्त लागतात. थेट विक्री करायची तर ५ किलोची पेटी करा, किंवा पुण्या-मुंबईत एका सोसायटीत महिन्याला एकदा शंभर-दीडशे किलोचा टेम्पो उतरवा.

मुळाच्या गोष्टीबद्दल. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल. पण मानांकन नावाला मिळतं, प्रत्येकाला आपोआप ते वापरता येत नाही. १९९९ च्या कायद्यानुसार पिकवणाऱ्याने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जीआय-३ हा अर्ज करावा लागतो. शेतमालाच्या बाबतीत प्रक्रिया आणि पॅकिंग करणाराही या व्याख्येत येतो, त्यामुळे गटाच्या नावाने आणि प्रत्येक सभासदाच्या नावाने दोन्ही अर्ज करा. अर्जाला सातबारा आणि घनसाळ पिकवत असल्याचा पुरावा जोडा. शुल्क नाममात्र आहे, वेळ मात्र लागतो, म्हणून पिशव्या छापायच्या आधी हे सुरू करा. मानांकन आणि वापरकर्त्याची नोंद दोन्ही दहा वर्षांसाठी असतात आणि वाढवून घ्यावी लागतात. ज्या मंडळाच्या नावे मूळ नोंद आहे, त्यांच्याशी संपर्क ठेवा आणि नूतनीकरणाची स्थिती विचारा. नोंद नसताना मानांकनाचं बोधचिन्ह छापणं हा गुन्हा आहे.

पिशवीवरची गोष्ट चार-पाच ओळींची पुरे, आणि प्रत्येक ओळ तपासता येईल अशी. गावाचं नाव, जात, कापणीचा हंगाम, लॉट क्रमांक, भरडल्याची तारीख, आणि या लॉटला पाणी किती लागतं ते. शेवटचं फार उपयोगी पडतं. नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि चिकट होतो, आठ महिन्यांचा झाला की जास्त पितो आणि मोकळा होतो. लोक बासमतीच्या मापाने पाणी घालतात, भात गिळगिळीत होतो आणि दोष तांदळाला जातो. दर लॉटला एक वाटी शिजवून बघा आणि मिळालेलं माप स्टिकरवर टाका. हिरण्यकेशीचं खोरं, पाऊस, लाल माती हे लिहायला हरकत नाही, पण एका वाक्यात. 'मधुमेहींसाठी उत्तम' वगैरे अजिबात लिहू नका, पुरावा नसलेला आरोग्याचा दावा बेकायदा आहे. 'सेंद्रिय'ही प्रमाणपत्राशिवाय नाही.

लॉट क्रमांक शोभेसाठी नसतो. एक वही ठेवा: कोणाचा भात, कोणता सर्व्हे नंबर, कापणी आणि मळणीची तारीख, आणताना ओल, तडकलेले दाणे, भरडल्याची तारीख, पहिली प्रत किती टक्के निघाली, किती पिशव्या भरल्या. 'घ-२५-०३' म्हणजे २०२५ च्या हंगामाची तिसरी भरड, एवढं साधं ठेवा. क्यूआर कोड लावायचा तर तो त्या लॉटच्या पानावर उघडू द्या. गटाच्या मुख्य पानावर नेणारा कोड कोणी दुसऱ्यांदा स्कॅन करत नाही.

याच वहीतून एक मर्यादा समोर येते आणि ती मान्य करावी लागते. एकरी दहा क्विंटल धरले तर पंचवीस एकरांत अडीचशे क्विंटल भात. वरच्या हिशोबाने पहिली प्रत साडेअकरा टन, म्हणजे एक किलोच्या ११,५०० पिशव्या. त्यापेक्षा एकही जास्त नाही. जूनमध्ये माल संपेल आणि दुकानदार म्हणेल, 'बाहेरून घेऊन भरा, कोणाला कळतंय.' बाजारात आंबेमोहर म्हणून दुसऱ्या राज्यांतले मिळतेजुळते तांदूळ विकले जातात, ते अशाच सुरुवातीतून. छापलेल्या पिशव्या मोजून कुलुपात ठेवा आणि भरलेल्या, फाटलेल्या, उरलेल्या यांचा मेळ दर महिन्याला बसवा. माल संपला की 'या हंगामाचा संपला, डिसेंबरात येईल' अशी पाटी लावा. बाहेरचा भरला तर मानांकनही जाईल आणि गिऱ्हाईकही.

पिशवी. डिझायनरने बहुधा कापडी किंवा तागाची दाखवली असेल. ती बाहेरचं आवरण म्हणून ठीक, एकटी मात्र चालत नाही. कापडातून वास बाहेर जातो, किडे आत येतात, आणि वजनही घटतं. शेवटचा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. १४ टक्के ओलीचा एक किलो तांदूळ कोरड्या हवेच्या दुकानात १२ टक्क्यांवर आला की ९७७ ग्रॅम भरतो. वजन-मापाच्या नियमांत किलोच्या पाकिटाला १५ ग्रॅमची तूट चालते, त्यामुळे तुम्ही प्रामाणिकपणे भरूनही तपासणीत अडकता. १३ टक्क्यांवरून १२ वर आला तर ११ ग्रॅमच जातात. म्हणून ओल १३ च्या आत, आतलं पाकीट हवाबंद, आणि भरताना पाकिटाचं वजन सोडून १,००५ ग्रॅम.

आतल्या पाकिटासाठी नायलॉन आणि पॉलिथिनचे थर असलेली ८० ते १०० मायक्रॉनची पिशवी घ्या आणि व्हॅक्यूम करून विटेसारखी घट्ट करा. साध्या पातळ पॉलिथिनला दाण्याची टोकं बारीक भोकं पाडतात आणि दोन दिवसांत वीट सैल होते. पहिल्या शंभर पिशव्या रात्रभर ठेवून सकाळी दाबून बघा. पाचपेक्षा जास्त सैल असतील तर सीलची पट्टी, तापमान किंवा सीलवर बसलेली तांदळाची धूळ यांपैकी काहीतरी चुकलं आहे. बहुतेक वेळा धूळच असते. भरण्याआधी तांदूळ गिरणीतून आणून रात्रभर थंड होऊ द्या. कोमट भरला तर आतून घाम येतो आणि कोपऱ्यात बुरशीचे ठिपके दिसतात.

किड्यांचं गणित वेगळं आहे. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून बुजवते. भरताना काहीही दिसत नाही, गरम हवेत चार-पाच आठवड्यांनी किडा बाहेर येतो. 'आमच्याकडून स्वच्छ गेला होता' हे दोन्ही बाजूंनी खरं असतं. उपाय साठवणीच्या जागी आहे: भात हवाबंद थरांच्या पिशव्यांत, भिंतीपासून आणि जमिनीपासून वर, नव्या भाताशेजारी जुनी बारदानं नाहीत. फॉस्फाइडच्या गोळ्या स्वतः टाकू नका, तो विषारी वायू आहे आणि परवानाधारकाचंच काम आहे. नीट व्हॅक्यूम केलेल्या विटेत उरलेल्या किड्याला हवा पुरत नाही, पण एकदा वीट सैल पडली की तो वाढतो. म्हणून सैल झालेलं पाकीट दुकानदाराने विकायचं नाही, परत द्यायचं, हे आधीच ठरवा. हिशोबात फाटलेल्या-परतलेल्या मालाचे चार रुपये याचसाठी धरले आहेत.

दाणा दिसायला मागच्या बाजूला दोन बोटांची खिडकी ठेवा. पूर्ण पारदर्शक पिशवी उजेडात ठेवली की राहिलेला कोंडा लवकर खवट होतो. छपाई पहिल्या वर्षी रोटोवर करू नका. त्याला सिलिंडर आणि मोठी संख्या लागते, आणि हंगाम बदलला की पिशव्या रद्दी होतात. एकरंगी कोरी पिशवी आणि दोन स्टिकर, एक कायमचं आणि एक लॉटचं, एवढ्यावर चांगलं काम होतं.

कायद्याने पिशवीवर काय हवं ते थोडक्यात: मालाचं नाव, भरणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, दर किलोची किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआय क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि हिरवा शाकाहारी ठिपका. 'अमुक महिन्यांपर्यंत उत्तम' हे त्याच्या जोडीला छापता येतं. एफएसएसएआयची नुसती नोंदणी लागेल की परवाना, हे उलाढालीप्रमाणे ठरतं. पॅकर म्हणून वैधमापनशास्त्र कार्यालयात वेगळी नोंद करावी लागते, ती बहुतेक गट विसरतात.

या वर्षी तीन टनांपेक्षा जास्त करू नका. उरलेला भात नेहमीसारखा व्यापाऱ्याला द्या. तीन टन पहिली प्रत म्हणजे साधारण पासष्ट क्विंटल भात, दोन-तीन भरडी. पहिल्या भरडीतली वीस पाकिटं घरात ठेवा आणि दर महिन्याला दोन उघडा: एक शिजवून वासासाठी, एक वजन आणि किड्यांसाठी. कितव्या महिन्यात वास पडतो ते तुमच्याच नाकाने कळेल. 'अमुक महिन्यांपर्यंत उत्तम' हा आकडा त्याच्या एक महिना आधीचा छापा.